बघ्यांसाठी एक बेवारस जहाज

घरात एकाच्याच हातात कंट्रोलर असतो आणि बाकीचे सोफ्यावर बसून गोष्ट बघत असतात, अशा घरासाठी गेम निवडताना ग्राफिक्सचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी बघावं ते हे, की बघणाऱ्याने काही सांगितलं तर खेळणाऱ्याला त्याचा उपयोग होतो का? ‘डावीकडं बघ, तिथं काहीतरी चमकतंय’ एवढाच उपयोग असेल, तर दुसऱ्या दिवशी सोफा रिकामा होतो. लोक उठून जातात ते गोष्ट वाईट असते म्हणून नाही. गोष्ट दर दहा मिनिटांनी थांबते आणि त्या थांबलेल्या वेळात बघणाऱ्याला करण्यासारखं काही नसतं, म्हणून जातात.

‘द लास्ट ऑफ अस’ घ्या. 2013 चा गेम, आणि त्याची गोष्ट बघण्यासारखी आहे यात वाद नाही. पण एका भावनिक प्रसंगापासून दुसऱ्यापर्यंत जाताना खेळणारा प्रत्येक कपाट उघडतो, प्रत्येक ड्रॉवर ओढतो, कात्री आणि चिकटपट्टी गोळा करतो. तो कंटाळत नाही, कारण शोधण्याची मजा त्याच्या हातात असते. बघणाऱ्याला मात्र अर्धा तास कपाटांची तपासणी दिसते. वर एकाच लढाईत चार वेळा मेला, की तोच संवाद चार वेळा ऐकावा लागतो. अशा गेमवर उपाय एकच. काठिण्य सगळ्यात खाली आणायचं, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. घर गोष्टीसाठी बसलंय, नेमबाजीसाठी नाही.

‘मॅन ऑफ मेडान’ने 2019 मध्ये दुसरी वाट काढली. त्यात मूव्ही नाइट नावाचा प्रकार आहे. एकच कंट्रोलर पाच जणांपर्यंत फिरतो, प्रत्येकाने एकेक पात्र वाटून घ्यायचं, आणि आपल्या पात्राची पाळी आली की कंट्रोलर आपल्याकडं येतो. चांगली सोय आहे. पण ऐन वेळी योग्य बटण दाबायचं असतं आणि ज्यांनी आयुष्यात कंट्रोलर धरलेला नाही त्यांचं पात्र त्यामुळंच मरतं. मग आई किंवा आजोबा पुढच्या खेपेला ‘तूच धर’ म्हणतात, आणि आपण फिरून मूळ जागी.

बघ्यांना खरं काम देणारा गेम वेगळ्या जातीचा असतो. त्यात हात चालवायला फारसं काही नसतं आणि जे कळायचं ते सगळ्यांना एकाच वेळी, एकाच पडद्यावर दिसतं. कंट्रोलर धरणाऱ्याला एक अक्षरही जास्त माहीत नसतं. रविवारच्या शब्दकोड्यात पेन एकाच्या हातात आणि उत्तरं घरभरातून येतात, तसं. या जातीत माझ्या मते सगळ्यात वरचा गेम म्हणजे लुकस पोपचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. 2018 च्या ऑक्टोबरात तो संगणकावर आला आणि पुढच्या वर्षी प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विचवर. पुरा व्हायला एकट्याला साधारण आठ ते दहा तास लागतात. घरात वाद घालत खेळलं तर जास्त, आणि तो वाद हाच त्यातला मुख्य भाग आहे.

गोष्टीची मांडणी अशी. ओब्रा डिन हे व्यापारी जहाज लंडनहून पूर्वेकडं निघालं, ठरलेल्या वेळी केप ऑफ गुड होपला पोचलं नाही आणि बुडालं असं धरलं गेलं. 14 ऑक्टोबर 1807 ला ते इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात आपोआप वाहत येतं. शिडं फाटलेली, माणूस एकही नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. जहाजावर चढायचं आणि 60 माणसांपैकी प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं, आणि कोणामुळं झालं, हे एका वहीत भरायचं. यादीत काही खलाशांपुढं देश म्हणून भारत लिहिलेला आहे. कंपनीच्या जहाजांवर हिंदी खलाशी असत हे इतिहासातलंच आहे, पण ती नावं वाचताना आपल्याकडची माणसं थोडी सावरून बसतात.

हाताशी एक खिशातलं घड्याळ असतं. सांगाड्याजवळ किंवा प्रेताजवळ जाऊन ते उघडलं की पडदा काळा होतो आणि त्या माणसाच्या मरणाआधीचे काही क्षण फक्त ऐकू येतात. पाठोपाठ मरणाचा नेमका क्षण गोठलेल्या अवस्थेत समोर येतो. पिस्तुलाचा धूर हवेत, उडालेले लाकडाचे तुकडे हवेत, माणसं पुतळ्यासारखी. त्या दृश्यात चालत फिरायचं, जवळ जाऊन चेहरे बघायचे, मागं कोण उभं आहे ते पाहायचं. मारामारी नाही, पळापळी नाही, आणि आपण मरण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळं तोच प्रसंग पुन:पुन्हा बघण्याची शिक्षाही नाही.

बघ्यांचं काम कुठं आहे ते पहिल्याच प्रेतावर कळतं, म्हणून तेवढं एक उकलून सांगते. पुढचं काही फोडणार नाही. कॅप्टनच्या खोलीबाहेर एक सांगाडा पडलेला आहे. घड्याळ उघडलं की काही आवाज येतात. बाहेरचे लोक कॅप्टनला दार उघडायला सांगतायत, आतून एक जण त्यांना शिव्या घालून उत्तर देतोय, आणि गोळीचा आवाज. मग दृश्य. आतल्या माणसाच्या हातात पिस्तूल, बाहेरचा एक जण गोळी लागून मागं फेकला गेलाय.

आता वहीत काय लिहिता येईल? मरणाची रीत लिहिता येते: गोळी. मारणारा लिहिता येतो, कारण बाहेरच्यांनी ‘कॅप्टन’ म्हणून हाक मारली ती आतल्या माणसाला आणि गोळी आतूनच आली. यादीत कॅप्टनच्या हुद्द्यापुढं रॉबर्ट विटरेल हे नाव आहे, म्हणजे एका चेहऱ्याला नाव मिळालं. मेलेला कोण? इथं घरात पहिली चकमक उडते. कोणीतरी म्हणतं, कॅप्टनवर चाल करून गेला म्हणजे मोठा अधिकारी असणार. दुसरं म्हणतं, कपडे बघ, अधिकाऱ्याचे वाटतात का? दोघांचंही ऐकायचं आणि नाव कोरंच ठेवायचं, कारण पुरावा अजून आलेलाच नाही. हे पहिल्या पाच मिनिटांत मान्य झालं तर पुढचे दहा तास चांगले जातात.

या दृश्यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे आणि ती एकट्याने खेळणाऱ्याच्या हातून सहज निसटते. आवाज आणि चित्र वेगवेगळे येतात. अंधारात तीन आवाज ऐकले आणि उजेडात चार माणसं दिसली, तर कोणतं वाक्य कोणाचं हे गेम सांगत नाही. सगळ्यात जवळ उभा असलेलाच बोलला असेल असं धरून चालणं ही सगळ्यांची पहिली चूक असते. आवाजातला हेल, समोरच्याला हाक कशी मारली, कोण कोणाला ‘सर’ म्हणालं, यावरून जुळवावं लागतं. इथं घरातला एक जण फक्त ऐकणारा असावा. काळा पडदा असताना त्याने डोळे मिटले तरी चालतं. दुसऱ्याने फक्त कपडे आणि हातातल्या वस्तू बघाव्यात. यादीत प्रत्येक अधिकाऱ्याचा वेगळा सेवक नोंदलेला आहे, आणि सेवक सहसा आपल्या साहेबाच्या आसपास सापडतो. सतत कोणाच्या मागं कोण उभं आहे हे लक्षात ठेवणारा डोळा घरात एक तरी असतोच. लग्नाचे फोटो बघताना ‘ही कोणाची कोण’ हे सांगणाऱ्या मावशीला हे काम द्यावं.

मराठी घराची खरी अडचण भाषेची. गेम मराठीत नाही, हिंदीतही नाही. संवाद जुन्या वळणाच्या इंग्रजीत, मधूनमधून दुसऱ्या भाषांतही. ज्यांना इंग्रजी ऐकून चटकन कळत नाही त्यांच्यासाठी खेळणाऱ्याला सांगत जावं लागतं. आवाज चालू असताना भाषांतर करू नये, कारण हेल हाच पुरावा असतो आणि तो आपल्याच बोलण्याखाली बुडतो. आधी पूर्ण ऐकू द्यावं, दृश्य उघडल्यावर थांबावं आणि मग एकेक वाक्य मराठीत सांगावं. ऐकलेले संवाद वहीतल्या त्या-त्या पानावर लिहिलेलेही सापडतात, म्हणून काही सुटलं तर वही उघडून मोठ्याने वाचता येतं. भाषांतरात ‘त्याने मारलं’ आणि ‘त्याच्यामुळं मेला’ यातला फरक जपावा. एका शब्दाच्या ढिलाईने अख्खं घर चुकीच्या माणसाच्या मागं लागतं.

चेहऱ्यांची पानं म्हणजे जहाजावरच्या चित्रकाराने काढलेली स्केचेस. त्यात माणसं घोळक्याने उभी आहेत, आणि कोण कोणाच्या घोळक्यात आहे हाही पुरावाच. सुरुवातीला बरेच चेहरे धूसर असतात. एखादा चेहरा स्पष्ट झाला याचा अर्थ त्या माणसाला ओळखण्यापुरता पुरावा आता तुमच्यासमोर येऊन गेला आहे. चेहऱ्याखाली एक, दोन किंवा तीन त्रिकोण असतात, ते ओळखायला किती कठीण हे सांगतात. संध्याकाळी बसताना कुठून सुरू करायचं हे त्यावरून ठरवावं. स्पष्ट झालेले, एक त्रिकोण असलेले चेहरे आधी. धूसर चेहऱ्यावर वाद घालणं म्हणजे वेळ घालवणं. तरी घरात त्यावरच जास्त वाद होतो, त्याला इलाज नाही.

उत्तर बरोबर की चूक हे गेम एकेकटं सांगत नाही. तीन माणसांचं नाव आणि गत, दोन्ही बरोबर भरली गेली की ती तीन एकदम पक्की होतात आणि वहीत छापील अक्षरांत उमटतात. ही युक्ती अंदाजपंचे खेळणाऱ्याला रोखण्यासाठी आहे, पण पूर्ण रोखत नाही. समजा दोघांबद्दल खात्री आहे आणि तिसऱ्यासाठी चार नावं शिल्लक आहेत. मग चार नावं एकेक करून टाकत गेलं की जास्तीत जास्त चौथ्या खेपेला कुलूप उघडतं. कंट्रोलर हातात असलेला माणूस हे न बोलता करून टाकतो आणि बघणाऱ्यांना कळतही नाही की आपली गंमत चोरली गेली. ओळखायची खूण सोपी आहे: नावाची यादी भराभर वर-खाली सरकू लागली आणि कोणी काही बोलत नसलं, की समजावं. यासाठी घरात नियम करावा की कोणतंही नाव भरण्याआधी कारण मोठ्याने सांगायचं, आणि निदान एका बघणाऱ्याने ते मान्य करायचं. ‘उरलेल्यातला हाच’ हे कारण चालतं, पण उरलेले कोण ते मोजून दाखवावं लागेल. मरणाच्या रीतीबाबत मात्र फार कीस काढू नये. काही ठिकाणी भोसकलं की भाल्याने मारलं यासारख्या जवळच्या दोन उत्तरांपैकी कोणतंही गेम मान्य करतो.

वेगळी वही घालावी का, असा प्रश्न पडतो. माझं मत, एकच फुलस्केप कागद पुरतो. आतल्या वहीत एखादा चेहरा निवडून खूण ठेवली की तो ज्या ज्या दृश्यात आहे ती सगळी पानं सापडतात. ‘तो दाढीवाला शेवटचा जिवंत कुठं दिसला होता?’ या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे, आठवणीवर भांडायची गरज नाही. कागदावर फक्त न सुटलेल्या शंका लिहाव्यात आणि शंका कोणाची ते नाव घालावं. चार दिवसांनी ती खरी ठरली की श्रेय कोणाचं यावर जो तंटा होतो तो त्याने मिटतो. आणि हो, खलाशांच्या पायांकडं बघायला विसरू नका. एवढं सांगून थांबते.

घटनांचा क्रम उलटासुलटा आहे. वहीत दहा प्रकरणं आहेत आणि आपली सुरुवातच शेवटच्या प्रकरणापासून होते. मध्येच एखादा दिवस गैरहजर राहिलेल्या माणसाला हे फार जड जातं. त्याला घडलेलं सांगताना आपण पाहिलं त्या क्रमाने न सांगता वही पहिल्या पानापासून उघडून जहाजाच्या क्रमाने सांगावं. दहा मिनिटांत होतं, आणि सांगताना सांगणाऱ्यालाच एखादा दुवा सापडतो. मात्र गैरहजर माणसाच्या पाठीमागं नवी प्रेतं उघडू नयेत. हा गेम एकदाच खेळता येतो. उत्तर माहीत झालं की पुन्हा नवखेपणाने बघता येत नाही. खेळणाऱ्याने रात्री एकट्याने ‘थोडंसं पुढं’ जाऊन येणं ही या खेळातली खरी फसवणूक. सकाळी तो सूचकपणे हसू लागतो आणि बाकीचे बघे होऊन बसतात.

आता तांत्रिक बाजू, कारण ती बिघडली तर वरचं सगळं फुकट. गेमचं चित्र फक्त दोन रंगांत आहे. छटा दाखवायला बारीक ठिपक्यांची जाळी वापरली आहे. त्यामुळं लॅपटॉपवरून टीव्हीवर वायफायने चित्र पाठवलं तर बट्ट्याबोळ होतो. चित्र आवळून पाठवताना ठिपके एकमेकांत मिसळतात आणि चेहऱ्यांच्या जागी राखाडी चिखल दिसतो. एचडीएमआय केबलच लावावी. टीव्हीवर गेम मोड चालू करावा आणि शार्पनेस खाली आणावा, कारण टीव्हीला ते ठिपके म्हणजे सुधारायची चूक वाटते आणि कडा शिवशिवू लागतात. सेटिंगमध्ये जुन्या मॉनिटरांच्या नावाने रंगजोड्या आहेत, मॅकिंटॉश, आयबीएम, कमोडोर अशा. मूळ रंग डोळ्यांना टोचत असतील तर एकेक बदलून सोफ्यावरच्यांना विचारावं. ज्याच्यात चेहरे लांबून ओळखू येतात तो ठेवावा. यादीतली अक्षरं बारीक आहेत. सोफा दहा-बारा फुटांवर असेल आणि टीव्ही 43 इंची, तर चष्मेवाल्यांना ती वाचता येणार नाहीत. एक तर खुर्च्या पुढं ओढा, नाहीतर यादी मोठ्याने वाचायचं काम एकाला द्या.

दुसरा त्रास गरगरण्याचा. दृश्य आपल्या डोळ्यांतून बघितल्यासारखं आहे. खेळणाऱ्याला मान कुठं वळणार हे आधी माहीत असतं, म्हणून त्याला काही होत नाही. बघणाऱ्याचे डोळे हलतात, शरीर स्थिर असतं, आणि वळण कधी येणार याची कल्पना नसते, म्हणून मळमळतं. कोणी गप्प झालं, कपाळ चोळू लागलं किंवा पडद्यावरून नजर काढून फोन बघू लागलं, तर त्याला गोष्टीचा कंटाळा आलाय असं समजू नये. वळण्याचा वेग कमी करावा. बोलायचं असेल तेव्हा चित्र स्थिर ठेवून बोलावं. ‘थांब’ म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला असावा आणि म्हटल्यावर खरंच थांबावं. खोलीत दिवा चालू ठेवावा. अंधारात फक्त पडदा दिसत राहिला की त्रास वाढतो. एका बैठकीला दीड तास पुष्कळ झाला.

हा गेम लहान मुलांसाठी नाही. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत असलं तरी तुटलेले अवयव आहेत, रक्तपात आहे आणि किंकाळ्या तर अंधारात ऐकू येतात, त्या जास्त लागतात. दहा वर्षांचं मूल सोफ्यावर असेल तर ‘वेन्बा’ लावा. टोरांटोच्या व्हिसाई गेम्सचा, 2023 चा, दीडेक तासात संपणारा. भारतातून कॅनडात गेलेल्या तमिळ जोडप्याची आणि त्यांच्या मुलाची गोष्ट, आणि खेळायचं म्हणजे आईच्या डाग पडलेल्या पाककृतीच्या वहीवरून पदार्थ करायचे. पहिलाच पदार्थ इडली. वहीतला मजकूर पुसलेला, आणि इडलीपात्राच्या थाळ्या एकावर एक कशा ठेवायच्या यावर गाडी अडते. ज्या पोराने कधी इडली लावलेली नाही ते चुकतं, इडल्या बिघडतात आणि सोफ्यावरून आजी ओरडते की खालच्या वाट्यांवर वरच्या वाट्या येऊ देऊ नकोस, वाफ अडेल. घरात कंट्रोलर धरणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याला जास्त कळतं असे गेम फार थोडे आहेत. हा त्यातला एक, आणि आजी ओब्रा डिनला बसणार नसेल तर सुरुवात याच्यापासून करून बघावी.

ओब्रा डिनच्या शेवटाबद्दल दोन गोष्टी सांगून ठेवते, कारण दोन्ही ठिकाणी घरं घाबरतात. सगळी प्रेतं बघून झाली की आभाळ भरून येतं, पाऊस लागतो आणि नावाडी निघायची घाई करतो. त्याचं ऐकायला हवं असं नाही. वादळ वाट बघतं. पाहिजे तितके दिवस जहाजावर फिरा, पुन्हा दृश्यं बघा, नावं भरा. आणि वहीतलं आठवं प्रकरण शेवटपर्यंत कोरं राहतं. आपलं काही सुटलं असं वाटून लोक तळघरापासून डोलकाठीपर्यंत पुन्हा शोधतात. ते जहाजावर सापडत नाही. बाकीची माणसं बरोबर भरून जहाज सोडलं तरच ते हाती येतं, म्हणून त्यातल्या दोघांचे रकाने रिकामे ठेवूनच खाली उतरावं.